मोजा मोजायला किती वेळ लागतो? कादंबरीतला काळ तपासण्याची एक पद्धत

कथनमीमांसेच्या पेपरात ‘या कादंबरीतील काळाची हाताळणी’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरं एकाच वाक्याने सुरू होतात: लेखिकेने फ्लॅशबॅकचा प्रभावी वापर केला आहे. मग तीन-चार आठवणींची यादी येते आणि उत्तर संपतं. हे वाक्य चूक नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. फ्लॅशबॅक कुठल्या क्षणी सुरू झाला, किती मागे गेला, तिथे किती वेळ थांबला, कोणाच्या मनातून गेला आणि निवेदन परत आलं तेव्हा घड्याळ किती पुढे सरकलं होतं, हे सांगायला लागलो की विश्लेषणाला सुरुवात होते.

हे काम प्रत्यक्षात कसं करायचं ते मी व्हर्जिनिया वूल्फ यांच्या ‘टू द लाइटहाउस’ या १९२७ च्या कादंबरीवर करून दाखवते. ही कादंबरी निवडण्याचं कारण असं की तिच्यात घटना अगदी कमी आहेत. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचं सुट्टीतलं घर, रॅमझी कुटुंब, आठ मुलं, काही पाहुणे. धाकट्या जेम्सला समोरच्या दीपगृहावर जायचं असतं, ते त्या वेळी होत नाही. दहा वर्षांनी होतं. कथानकात एवढंच असल्यामुळे पानं कशावर खर्च झाली, हा प्रश्न टाळताच येत नाही.

आधी ‘आत्ता’ कुठे आहे ते ठरवा

फ्लॅशबॅक म्हणजे मागे जाणं. पण कशाच्या मागे? म्हणून पहिलं काम आठवणी शोधण्याचं नाही, कादंबरीचा ‘आत्ता’ शोधण्याचं आहे. फ्रेंच कथनमीमांसक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनातल्या काळाची जी मांडणी केली, तिच्यात या मूळ धाग्याला ‘पहिलं कथन’ म्हटलं आहे. कुठलीही उडी मागे आहे की पुढे, हे या धाग्याच्या संदर्भातच ठरतं.

हातात पेन्सिल घेऊन कादंबरी दुसऱ्यांदा वाचा. पहिल्या वाचनात हे काम करू नका, कारण तेव्हा आपण गोष्टीमागे धावत असतो. दुसऱ्या वाचनात दोनच गोष्टींवर खुणा करायच्या: घड्याळ-कॅलेंडर सांगणारे शब्द, आणि शरीराने केलेल्या हालचाली. ‘टू द लाइटहाउस’चे तीन भाग आहेत आणि प्रत्येकात क्रमांक घातलेली प्रकरणं आहेत: पहिल्यात १९, दुसऱ्यात १० आणि तिसऱ्यात १३. वहीत प्रत्येक प्रकरणाला एक ओळ द्या आणि त्यापुढे लिहा: वेळ कोणती, कळली कशावरून, आणि प्रत्यक्षात काय झालं.

पहिल्या भागात वेळ सहजी सांगितलेली नाही. चौथ्या प्रकरणात चित्रकार लिली ब्रिस्को आणि विल्यम बँक्स हे पाहुणे हिरवळीवर चालत असताना, जाता जाता एका वाक्यात, सप्टेंबरचा मध्य आहे आणि संध्याकाळचे सहा वाजून गेले आहेत, असं कळतं. तुमच्या सगळ्या तक्त्याला टेकू देणारं हे वाक्य आहे. पुढे जेवण होतं, मुलांना झोपवलं जातं, नवरा-बायको दिवाणखान्यात वाचत-विणत बसतात आणि भाग संपतो. म्हणजे पहिल्या भागाचा ‘आत्ता’ साधारण पाच तासांचा.

असे टेकू लेखक पुष्कळदा गौण वाक्यात, कंसात किंवा कोणाच्या तरी बोलण्यात ठेवतो. ते न सापडल्यामुळे ‘कादंबरीत काळ अनिश्चित आहे’ असं लिहून टाकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. काळ निश्चित होता, वाचणाऱ्याने ते वाक्य ओलांडलं होतं.

पानांना तासांनी भागा

कथेत किती काळ जातो तो कथाकाल. तो सांगायला किती मजकूर लागला तो निवेदनकाल. निवेदनकाल घड्याळाने मोजता येत नाही, कारण प्रत्येकाचा वाचनाचा वेग वेगळा, म्हणून आपण तो पानांत किंवा ओळींत मोजतो. या दोहोंच्या गुणोत्तराला गती म्हणू. माझ्याकडच्या प्रतीत पहिला भाग साधारण १२० पानांचा आहे, दुसरा १९ आणि तिसरा ६५. तुमच्या आवृत्तीत आकडे वेगळे येतील, प्रमाण मात्र असंच राहील.

आता भागाकार करू. पहिल्या भागात पाच तासांना १२० पानं, म्हणजे पानाला अडीच मिनिटं. दुसऱ्या भागात दहा वर्षं १९ पानांत, म्हणजे पानाला साधारण १९० दिवस, सहा महिन्यांहून थोडं जास्तच. तिसऱ्या भागात एका सकाळीला ६५ पानं. सकाळ पाच तासांची धरली तर पानाला चार-पाच मिनिटं.

इथे दोन धोके आहेत. पहिला, हे आकडे फक्त त्याच कादंबरीच्या आत एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. पानाला अडीच मिनिटं म्हणजे ‘संथ’ असं कुठलंही सर्वमान्य माप नाही. जेनेत यांनीही सांगून ठेवलं आहे की कथाकाल आणि निवेदनकाल तंतोतंत सारखे असण्याची स्थिती कल्पनेतच असते. संवादाचं पान तिच्या सगळ्यांत जवळ जातं, तरी बोलताना लोक किती वेळ गप्प राहिले हे ते पान सांगत नाही.

दुसरा धोका सरासरीचा आहे. दुसऱ्या भागाची पानं सहा-सहा महिन्यांनी पुढे सरकत नाहीत. पहिली दोन प्रकरणं एकाच रात्रीची आहेत. घरातले दिवे एकेक करून मालवतात, आणि पाहुणे कारमायकल मध्यरात्रीनंतर मेणबत्ती विझवतात. तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला निवेदन विचारतं, एका रात्रीचं असं काय मोठं? आणि तिथून रात्री एकमेकींत मिसळू लागतात. दहावं प्रकरण पुन्हा एकाच रात्रीवर येतं आणि सकाळी लिली जागी होते तिथे थांबतं. लोक झोपायला जातात इथून सुरुवात, एक माणूस डोळे उघडतं इथे शेवट. दहा वर्षं एका रात्रीच्या आकारात बसवली आहेत. सरासरी काढून थांबलो असतो तर हे दिसलंच नसतं. म्हणून भागाकार आधी भागाचा करा, मग प्रकरणाचा, आणि जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे थांबून वाचा.

गतीला नावं द्यायची तर नेहमीची पाच पुरतात. कथा थांबते आणि वर्णन चालू राहतं तो विराम. घटना आणि सांगणं बरोबरीने चालतं ते दृश्य. वर्षं ओळींत आवरली जातात तो सारांश. काळ न सांगता ओलांडला जातो तो लोप. आणि घटना क्षणाची पण सांगणं लांब, तो ताण. पहिली चार नावं जेनेत यांची, पाचवं सेमूर चॅटमन यांनी १९७८ मध्ये जोडलं. या कादंबरीला पाचव्या नावाची फार गरज पडते.

एक प्रकरण जवळून: मोजा

पहिल्या भागातलं पाचवं प्रकरण घ्या. एरिख आउअरबाख यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये बसून लिहिलेल्या ‘मिमेसिस’चं शेवटचं प्रकरण याच मजकुरावर आहे. ते जरूर वाचा, पण आधी आपला तक्ता स्वतः करा.

या प्रकरणात घडतं ते इतकंच. दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलासाठी मिसेस रॅमझी लोकरीचा मोजा विणताहेत. तो पुरेसा लांब झाला का हे पाहायला त्या जेम्सला उभं करून त्याच्या पायाला मोजा लावतात. तो मुद्दाम चुळबुळ करतो. त्या ‘नीट उभा राहा’ म्हणतात, मान वर करून खोलीकडे बघतात, पुन्हा ‘नीट उभा राहा’ म्हणतात, या वेळी खरोखर रागावून. मोजा निदान अर्धा इंच तोकडा आहे. त्या तसं म्हणतात. शेवटी मुलाचं कपाळ चुंबतात आणि कापायला दुसरं चित्र शोधू म्हणतात.

घरी कोणाला तरी उभं करून हे सगळं करून पाहा. मिनिटभर लागेल, फार तर दीड मिनिट. प्रकरण मात्र तीन-चार पानांचं आहे आणि मोठ्याने वाचलं तर त्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हा ताण झाला. पण नाव देऊन थांबू नका, तो ताण कुठे पडला ते शोधा. कृतीच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा आणि दोन रेघांमध्ये किती ओळी आहेत ते मोजा.

पहिल्या ‘नीट उभा राहा’पासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर सगळ्यांत बोलकं आहे. कथेत ते काही सेकंदांचं आहे. मजकुरात मात्र त्या जागेत आख्खं घर मावतं: फाटक्या खुर्च्या, स्वस्तातलं भाडं, वाचायला न झालेली पुस्तकं, कोणी बंद न करणारी दारं. आणि त्या दारं-खिडक्यांच्या विचारातून खिडकी उघडी ठेवणारी स्विस मोलकरीण येते. आदल्या रात्री ती खिडकीतून बाहेर बघत, डोळ्यांत पाणी आणून, आमच्याकडचे डोंगर किती सुंदर आहेत, असं म्हणाली होती. तिचा बाप तिकडे घशाच्या कर्करोगाने मरतो आहे. मिसेस रॅमझी तिच्यापुढे नुसत्या उभ्या राहिल्या होत्या, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग दुसरं ‘नीट उभा राहा’ येतं. ते चिडून म्हटलेलं आहे, आणि जेम्सला तत्काळ कळतं की ही चीड खरी आहे. त्याला फक्त एवढंच कळतं की आई आता खरंच रागावली. ती का रागावली हे वाचकाला माहीत आहे, त्याला नाही. दोन वेळा उच्चारलेल्या त्याच सूचनेच्या मधे एक मरण येऊन गेलं आहे. हा फ्लॅशबॅक माहिती पुरवण्यासाठी आलेला नाही. तो वर्तमानातल्या एका वाक्याचा सूर बदलतो. परीक्षेत ‘फ्लॅशबॅकचे कार्य’ विचारतात तेव्हा उत्तर या बारकाईचं हवं: मागे जाऊन आल्यावर ‘आत्ता’मध्ये नेमकं काय बदललं?

आठवणीला विचारायचे प्रश्न

प्रत्येक आठवणीसाठी दोन मोजमापं वेगळी ठेवा. ती किती मागे जाते तो तिचा पल्ला. तिथे किती काळ व्यापते ती तिची व्याप्ती. स्विस मुलीच्या आठवणीचा पल्ला एका दिवसाहूनही कमी आहे, व्याप्ती काही क्षणांची. फ्लॅशबॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बालपण येतं, सिनेमातली धूसर चौकट येते. त्यामुळे ‘काल रात्री’ या दोन शब्दांनी सुरू झालेली मागची उडी नजरेतून निसटते. ती कादंबरीच्या सुरुवातीच्याही आधीची आहे, त्यामुळे जेनेत यांच्या भाषेत बाह्य. पहिलं कथन सुरू झाल्यानंतरच्या क्षणाकडे मागे गेलं तर आंतरिक.

पुढचा प्रश्न: आठवण कोणाची? याच प्रकरणात मोजा तोकडा ठरल्यावर निवेदन एकदम मिसेस रॅमझींना बाहेरून बघू लागतं. इतकं दुःखी कोणी कधी दिसलं नव्हतं, असं कोणीतरी म्हणतं. मग लोकांच्या वावड्या येतात: लग्नाआधी हिचं दुसरं कोणी होतं का, त्याने जीव दिला का? आणि मग बँक्स फोनवर तिचा आवाज ऐकून भारावल्याचा प्रसंग येतो. तो ‘एकदा’ घडलेला आहे, दुसऱ्या ठिकाणी, कधी ते ठाऊक नाही. ही मिसेस रॅमझींची आठवण असूच शकत नाही. बँक्स फोन ठेवून खिडकीतून बांधकाम बघत काय विचार करत होते हे त्यांना कुठून कळणार?

म्हणजे एकाच प्रकरणात मागे जाण्याचे दोन प्रकार आहेत. एक पात्राच्या मनातून, त्याला खोलीतल्या वस्तूचा धक्का लागलेला. दुसरा निवेदनाने स्वतःहून घेतलेला, पात्राला पत्ता नसलेला. पहिल्या प्रकारात कथेचं घड्याळ थांबत नाही, कारण आठवायलाही वेळ लागतो. आठवणं हीच ‘आत्ता’मधली घटना असते. दुसऱ्या प्रकारात घड्याळ खरोखर थांबतं. दोन्हींना सरसकट ‘संज्ञाप्रवाह’ म्हटलं की हा फरक बुजतो. तो शब्द मी माझ्या वर्गात पहिल्या मसुद्यात वापरू देत नाही.

मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी इथे एक खास अडचण आहे. आपण ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ असं सहज म्हणतो, त्यात भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ अभिप्रेत नसतो. त्यामुळे इंग्रजी मजकुरातला ‘हॅड’ आपल्या कानाला ‘होता’सारखा वाटतो आणि आपण पुढे जातो. इंग्रजी कादंबरीत तो बहुधा मागे उडी मारल्याची पाटी असते. उडी मारून झाल्यावर लेखक ‘हॅड’ सोडून साध्या भूतकाळात येतो, आणि आपण परत आलो की अजून मागेच आहोत हे कळेनासं होतं. परतीची खूण म्हणून क्रियापदावर विसंबू नका. ‘आत्ता’मधली वस्तू किंवा हालचाल पुन्हा दिसली का ते बघा: मोजा, सुया, जेम्सचा पाय. आणि मराठी कादंबरी अभ्यासत असाल तर उलट सावध राहा, ‘होता’ दिसला म्हणून फ्लॅशबॅक सापडला असं समजू नका.

कंसातलं मरण

आता दुसरा भाग. पहिली चूक इथेच होते: पुष्कळ जण या भागाला ‘फ्लॅशफॉरवर्ड’ म्हणतात, कारण दहा वर्षं पुढे जातो. पुढची उडी तेव्हाच म्हणायची जेव्हा निवेदन पुढचं आधी सांगून परत मूळ धाग्यावर येतं. इथे ते परत येतच नाही. ‘आत्ता’ स्वतःच पुढे सरकला आहे. क्रम अगदी सरळ आहे, बदलली ती गती.

या भागात माणसं जवळजवळ नाहीत. रिकामं घर, वारा, ओल, सोलपटणारा कागद, आणि पुढे साफसफाईला येणारी म्हातारी मिसेस मॅकनॅब. माणसांच्या बातम्या चौकोनी कंसांत येतात, एखाद-दोन वाक्यांच्या. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी असा एक कंस आहे. त्यातला आशय असा: एका अंधाऱ्या सकाळी मिस्टर रॅमझी बोळातून ठेचकाळत जातात, हात पसरतात, पण मिसेस रॅमझी आदल्या रात्री अचानक वारल्यामुळे ते हात रिकामेच राहतात.

या वाक्याला आपली अवजारं लावून बघा. वाक्याचा ‘आत्ता’ सकाळचा आहे. मरण आदल्या रात्रीचं. म्हणजे कादंबरीतली सर्वांत मोठी घटना एका छोट्याशा फ्लॅशबॅकमध्ये सांगितली आहे, पल्ला काही तासांचा, व्याप्ती शून्य. आणि हा फ्लॅशबॅकही गौण वाक्यांशात आहे, मुख्य क्रियापद हातांचं आहे. मरणाचा क्षण सांगितलाच नाही, तो लोपात गेला. आपल्याला मिळतो तो त्यानंतरचा रिकामेपणा. जिच्या मिनिटभराच्या मोज्याला तीन-चार पानं दिली, तिच्या मरणाला अर्धं वाक्य. भागाकार करून मिळालेले कोरडे आकडे इथे कामाला येतात: हा धक्का नुसता बातमीचा नाही, आधीच्या शंभर-सव्वाशे पानांनी आपल्याला ज्या गतीची सवय लावली ती मोडल्याचा आहे.

कंस सगळे एकत्र काढून एका कागदावर लिहा. दुसऱ्या प्रकरणातला पहिला कंस कारमायकलनी मेणबत्ती विझवल्याचा आहे. सहाव्यात रॅमझींच्या मुलीचं, प्रूचं, लग्न, मग त्या उन्हाळ्यात बाळंतपणाशी संबंधित आजाराने तिचं मरण, फ्रान्समध्ये तोफगोळ्याने त्यांच्या मुलाचं, अँड्र्यूचं, मरण, आणि कारमायकलचा कवितासंग्रह निघाल्याची बातमी. मेणबत्ती आणि मरण यांना एकच विरामचिन्ह. कोणता प्रसंग मोठा आणि कोणता लहान हे ठरवायला या भागातलं निवेदन तयार नाही. हे निरीक्षण फक्त गती तपासल्यानेच हाती येतं.

एक व्यावहारिक सूचना. मिसेस रॅमझींच्या मरणाच्या या वाक्याचे शब्द पहिल्या ब्रिटिश आणि पहिल्या अमेरिकन आवृत्तीत वेगवेगळे आहेत, जरी दोन्ही १९२७ मध्येच निघाल्या. वाक्यरचनेवर निष्कर्ष काढणार असाल तर तुमची प्रत कोणत्या पाठाची आहे ते पाहून निबंधात नोंदवा. इंटरनेटवरून उचललेलं अवतरण आणि हातातलं पुस्तक यांत फरक दिसला तर ती छपाईची चूक असेलच असं नाही.

तिसऱ्या भागातल्या आठवणी सारख्या नाहीत

दहा वर्षांनी लिली त्याच हिरवळीवर अर्धवट चित्र पुन्हा हाती घेते, तिकडे मिस्टर रॅमझी, जेम्स आणि त्याची बहीण कॅम बोटीने दीपगृहाकडे निघतात. प्रकरणं कधी हिरवळीवर, कधी बोटीत. छपाईत एकामागून एक, पण कथेत एकाच वेळी. हे कशावरून म्हणायचं, तर लिलीला समुद्रात ती बोट दिसत राहते, आणि शेवटी बोट किनाऱ्याला लागते तेव्हाच लिली ‘पोचले असतील’ असं म्हणते. समांतर काळ सांगताना असा दोन्हीकडून दिसणारा दुवा दाखवावा लागतो.

लिलीच्या तीन आठवणी शेजारी ठेवा. एक, टेबलक्लॉथवरची नक्षी बघून चित्रातलं झाड मध्याकडे सरकवायचं ठरवलं होतं ती. हा क्षण पहिल्या भागातल्या जेवणात आपण स्वतः पाहिला आहे, त्यामुळे ही पुनरावृत्ती, पल्ला दहा वर्षांचा. वाचकाला ती नवं काही सांगत नाही. इतक्या मरणांच्या पलीकडून हा एक किरकोळ निर्णय जिवंत पोचला, एवढंच ती दाखवते.

दोन, पहिल्या भागातले पाहुणे पॉल आणि मिंटा यांच्या लग्नाचं पुढे काय झालं ते. हे दुसऱ्या भागात लोपात गेलं होतं, ते इथे भरून निघतं. पण सावध राहा. लिली त्यांच्यातल्या भांडणाचं एक दृश्य तपशिलासह डोळ्यांपुढे आणते आणि मग स्वतःच कबूल करते की यातला शब्दही खरा नाही, हे मी रचलं. म्हणजे तो फ्लॅशबॅक नव्हताच, कल्पना होती. तक्त्यात ‘भूतकाळ’ असं लिहून मोकळे झालात तर पुढच्याच पानावर कादंबरी तुम्हाला खोटं पाडते. म्हणून आठवणीच्या ओळीत आणखी एक रकाना ठेवा: हे घडलं याची खात्री कोण देतं?

तीन, समुद्रकिनाऱ्यावर मिसेस रॅमझी खडकाला टेकून पत्रं लिहिताहेत आणि एरवी लिलीला नकोसा वाटणारा पाहुणा टॅन्सली तिच्याबरोबर पाण्यावर चपटे दगड टप्पे खात फेकतो आहे. हा प्रसंग आधी कुठेच आलेला नाही आणि त्याला तारीख नाही. पल्ला सांगताच येत नाही. अशा ठिकाणी तर्काने वर्ष ठोकू नका. तारीख नसणं हाच निष्कर्ष आहे, कारण लिलीला तो क्षण कालक्रमातून सुटलेला, एखाद्या चित्रासारखा पूर्ण आठवतो, आणि ती त्याच वेळी चित्र पूर्ण करायला धडपडते आहे.

लिहिताना

तक्ता परिशिष्टात ठेवा, निबंधात ओतू नका. दोन-अडीच हजार शब्दांत आख्ख्या कादंबरीचा काळ मावत नाही. एक दावा घ्या आणि दोन उतारे. उदाहरणार्थ: ‘कादंबरीत मिसेस रॅमझींना मिळालेली पानं त्यांच्या आयुष्यातल्या घटनांच्या महत्त्वाशी उलट्या प्रमाणात आहेत, आणि त्यामुळे वाचकाला त्यांचं मरण घटना म्हणून नव्हे तर उणीव म्हणून जाणवतं.’ त्यासाठी मोज्याचं प्रकरण आणि दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणातला कंस पुरेसे आहेत. पानांचे आकडे एका वाक्यात द्या, आवृत्ती सांगा, आणि बाकी जागा वाक्यांच्या वाचनाला ठेवा.

मसुदा झाला की एक तपासणी करा. निबंधात जिथे जिथे ‘फ्लॅशबॅक’ लिहिलं आहे तिथे तो शब्द खोडून ‘कोण, कुठून, किती मागे, किती वेळ’ याचं उत्तर लिहून बघा. ज्या ठिकाणी लिहिता येत नाही, तिथे पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचा.